भगव्या फेट्याचा राणी रंग: गिंप ३ लग्नसराईभर वापरल्यानंतरचा अनुभव

परभणीत माझं अल्बम डिझाइनचं काम आहे. तुळशीच्या लग्नानंतर सराई सुरू झाली की जालन्यापासून नांदेडपर्यंतचे फोटोग्राफर फोटो पाठवतात. हल्ली त्यात एक मागणी हमखास असते. लग्नाची थीम एका रंगाची ठरलेली असते आणि मांडवात फेटे आलेले असतात भलत्याच रंगाचे. मग फोन येतो, "दादा, अल्बममध्ये तेवढा फेट्याचा रंग बदलून द्या की."

मार्च २०२५ मध्ये गिंप या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरची ३.० आवृत्ती आली. ते फुकट आहे, म्हणून लावून बघितलं आणि पुढे सगळी सराई त्यावरच काढली. पूर्ण सॉफ्टवेअरबद्दल लिहीत बसत नाही. भगवा फेटा राणी रंगाचा करायचा, एवढं एकच काम घेतो, कारण खरी परीक्षा त्यातच होते.

पहिली अडचण अशी की भगवा रंग आणि आपल्या लोकांची कातडी एकाच घराण्यातले रंग आहेत. गिंपच्या रंग उचलणाऱ्या अवजारात `CIE LCH` निवडलं की प्रत्येक ठिपक्याचे तीन आकडे दिसतात: उजळपणा, रंगाचा जोर आणि रंगछटेचा कोन. भगव्या फेट्याचा कोन साधारण ५५ ते ६५ येतो आणि कपाळाचाही तिथेच कुठेतरी. त्यामुळे `Select > By Color` वापरून फेटा उचलायला गेलं की कपाळ, कान, बोटं सगळं सोबत येतं. फरक असतो तो रंगाच्या जोरात. फेट्याचा जोर ७०-८० च्या घरात, तर कातडीचा बहुतेक वेळा त्याच्या निम्म्याहून कमी.

म्हणून मी फोटोची प्रत काढून तिच्यावर `Colors > Components > Extract Component` लावतो आणि यादीतून `LCH C(ab)` घेतो. फोटो करडा होतो. जिथे रंग जोरकस तिथे उजेड, जिथे फिका तिथे अंधार. मग `Curves` ने चेहरा काळ्यात ढकलायचा आणि फेटा पांढऱ्यात न्यायचा. हाच झाला मास्क: पांढरं तिथे रंग बदलतो, काळं तिथे फोटो आहे तसाच राहतो. हाताने कड काढत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं, कारण तुऱ्याच्या पातळ पंख्याची कड यात आपोआप मऊ येते. हार, हळद किंवा मागचा झेंडूचा मांडव जोरकस रंगाचा असतोच. तो मात्र काळ्या ब्रशने पुसावा लागतो.

आता रंगाकडे येऊ. नुसता कोन फिरवला तर भगव्याचा होतो गुलाबी, पण तो प्लास्टिकच्या फुलासारखा दिसतो. भगवा मुळात उजळ रंग आहे, त्याचा उजळपणा ६५-७० असतो. नवरीच्या शालूचा राणी ४०-४५ वर असतो. कोन बरोबर आणि उजळपणा चुकीचा असला की बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण फेटा वरून चिकटवल्यासारखा वाटतो.

परभणीजवळच्याच एका लग्नातला फोटो सांगतो. भर दुपारचा मुहूर्त, नवरदेव उन्हात उभा, फेट्यावर थेट ऊन. फोटोतला प्रत्येक रंग लाल, हिरवा आणि निळा अशा तीन चॅनलमध्ये साठवलेला असतो. अशा उन्हात भगव्याचा लाल चॅनल कमाल आकड्याला, म्हणजे २५५ ला जाऊन टेकतो आणि उजेडाच्या बाजूला चुण्या दिसेनाशा होतात. पण हिरवा चॅनल अजून टेकलेला नसतो, कारण भगव्यात हिरवा अर्ध्याच्या आसपासच असतो. चुण्या तिथे शाबूत असतात. शिवाय तो चॅनल स्वतःच गडद असतो, आणि राणीसाठी गडदपणाच हवा असतो. निळ्या चॅनलच्या वाटेला जाऊ नये. जेपेगमध्ये तो खरखरीत निघतो.

त्या फोटोत मी एका ग्रुपमध्ये दोन थर ठेवले आणि ग्रुपला आधी बनवलेला मास्क लावला. खालच्या थरावर `Colors > Hue-Chroma` मधून `Hue` उणे ५० आणि `Chroma` उणे १२. वरच्या थरावर `Colors > Desaturate > Mono Mixer`, त्यात हिरवा १ आणि बाकीचे दोन शून्य, आणि थराचा मोड `LCh Lightness`. रंग खालून येतो, चुण्या आणि सावली वरून. शेवटी वरच्या थराला `Curves` ने थोडं खाली घेतलं, शालूच्या सपाट भागाचा उजळपणा ४३ होता त्याच्याशी फेट्याचा मधला भाग जुळेपर्यंत. उन्हात न दिसणाऱ्या चुण्यासुद्धा वर आल्या.

फेट्याची जरीची किनार मात्र यात बिघडते. जरीची सोनेरी तार जोरकस पिवळी असेल तर मास्कमध्ये तीही येते आणि कोन फिरला की तांब्याच्या तारेसारखी लालसर होते. काठावर मास्क काळा करून जर मोकळी सोडायची. राणीवर पिवळी जर शोभतेच. मुंडावळ्यांचंही बघावं लागतं. पांढऱ्या मोत्यांवर भगव्याची झाक पडलेली असते आणि राणी फेट्याखाली ती खटकते. तिथे वेगळ्या थरावर `Chroma` कमी केला की मोती पांढरे होतात. कपाळावरची भगवी झाक मी राहू देतो, ती उन्हाची वाटते.

हेच काम बॉटल ग्रीनसाठी मागितलं की दर वाढवतो. कपाळावरची झाक मग उन्हाची वाटत नाही, ती काढावीच लागते. दुसरं कारण जेपेगचं. बहुतेक जेपेगमध्ये उजेड पूर्ण बारकाईने साठवलेला असतो, पण रंगाची माहिती आडवी-उभी निम्मीच ठेवलेली असते. त्यामुळे कडेला भगवा एखाद-दुसरा ठिपका बाहेर सांडलेला असतो. राणीच्या शेजारी तो लपतो, हिरव्याच्या शेजारी नारिंगी रेघ होऊन चमकतो. मास्कची कड तेवढी बाहेर सरकवावी लागते. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोत ही रेघ इतकी जाड असते की मी मूळ फाइल मागतो. पेनड्राइव्हवर द्या, ड्राइव्हवर टाका, पण मूळच द्या.

गिंपचं बघायचं तर ३.० मध्ये सगळ्यात कामाला आलेली गोष्ट म्हणजे फिल्टर थरावर जिवंत राहतो. थराच्या नावाजवळ `fx` दिसतं, तिथून परत उघडून आकडे बदलता येतात, आणि गिंपच्या स्वतःच्या `.xcf` फाइलमध्ये तो तसाच जपला जातो. नवरीकडची मंडळी अल्बम बघायला आली आणि वहिनी म्हणाल्या, "भाऊ, राणी जरा जास्तच झालाय, थोडा वाईनकडं घ्या ना," तर त्यांच्यासमोरच बदलून दाखवता येतो. आधीच्या २.१० मध्ये यासाठी थर पुन्हा बनवावा लागायचा. मोठ्या फोटोवर असे तीन-चार फिल्टर लावले की माझ्या ८ जीबीच्या मशीनवर ते अडखळतं, हे खरं आहे. कॅमेऱ्याची रॉ फाइल ते स्वतः उघडत नाही, डार्कटेबल किंवा रॉथेरपी सोबत लावून ठेवावं लागतं. आणि सगळ्या भाऊबंदांच्या ग्रुप फोटोत प्रत्येक फेट्यावर ऊन वेगळं असतं, त्यामुळे एकाचे आकडे दुसऱ्याला चालत नाहीत. तिथे वेळ जातोच.

पांढरा फेटा रंगवायचा असेल तर ही पद्धत उपयोगाची नाही, कारण पांढऱ्यात फिरवायला रंगच नसतो. तिथे रंगाचा थर `Multiply` मोडमध्ये टाकतो. गडद मरून फेटा पिस्ता करून मागितला तर मी नाही म्हणतो. सावलीतल्या चुण्या उजळवल्या की ठिपके-ठिपके वर येतात. जाळीच्या ओढणीचंही तसंच. तिच्या प्रत्येक भोकातून खालच्या लेहंग्याचा रंग दिसतो, मास्कला दोन्ही वेगळे करता येत नाहीत. रेशमी शेला किंवा जॉर्जेटची दुहेरी घडी असेल तर आनंदाने घेतो, दर फेट्याचाच.