रेसिडेंट ईव्हिल २ की ४? गोळ्यांची टंचाई कुठे जास्त छळते

सर्व्हायव्हल हॉररमध्ये नवीन असाल आणि २०१९ चा रेसिडेंट ईव्हिल २ (रीमेक) आधी घ्यावा की २०२३ चा ४ (तोही रीमेकच), असा प्रश्न पडला असेल, तर ग्राफिक्स आणि स्टोरी जरा बाजूला ठेवा, कारण दोन्ही त्या बाबतीत मस्तच आहेत. खरा फरक गोळ्या आणि बॅगेत आहे. दोन्हीकडे गोळ्या कमी, दोन्हीकडे जागा कमी, पण एकात ती टंचाई तुम्हाला तासन्‌तास हिशोब करायला लावते आणि दुसऱ्यात दोन मिनिटांसाठी घाम फोडते. पुढे सोपं जावं म्हणून नुसतं दोन आणि चार म्हणतो.

आधी दोन. सुरुवातीला फक्त ८ स्लॉट मिळतात. आता बघा त्यात काय काय येतं: पिस्तूल एक, त्याच्या गोळ्या एक, शॉटगन एक, तिची काडतुसं एक, चाकू एक, औषधी पाला एक. सहा गेले. गेमचा बराच भाग ज्या पोलीस स्टेशनात घडतो तिथे फिरायचं तर साखळ्या तोडायला बोल्ट कटर आणि दारं उघडायला स्पेड की लागते, झाले आठ. बॅग फुल्ल, आणि अजून एकही नवीन वस्तू उचललेली नाही. अशात एका खोलीत गनपावडर दिसते (दोन पुड्या एकत्र केल्या की पिस्तुलाच्या गोळ्या बनतात) आणि शेजारीच एखादं मेडॅलियन, जे गोष्ट पुढे न्यायला लागणारच आहे. आता काय टाकायचं?

खरी गंमत इथे आहे. चावी आणि गोळी एकाच जागेसाठी भांडतात. गेम नुसत्या गोळ्या कमी देऊन थांबला असता तर तुम्ही जमेल तेवढ्या गोळा करून खिशात कोंबल्या असत्या आणि निवांत फिरला असता. पण गोळ्या जास्त घेतल्या तर चावी नेता येत नाही, चावी नेली तर गोळ्या मागे राहतात, म्हणजे सेफ रूममधून, जिथे सामान ठेवायचा बॉक्स असतो त्या सुरक्षित खोलीतून, बाहेर पडतानाच 'आज मी कुठे चाललोय आणि तिकडे कशासाठी' हे ठरवावं लागतं. आणि तिकडे काय असेल ते तुम्हाला माहीत नसतं. भीती दार उघडायच्या आधीच सुरू होते, बॉक्ससमोर उभं राहून.

बॉक्स मात्र दयाळू आहे, एका सेफ रूममध्ये ठेवलेलं सामान दुसऱ्या सेफ रूमच्या बॉक्समध्येही मिळतं. चावीचं काम संपलं की तिच्यावर लाल खूण येते, मग बिनधास्त फेकून द्यायची. कमरेचे पाऊच सापडले की प्रत्येकी २ स्लॉट वाढतात आणि शेवटी आकडा २० पर्यंत जातो, पण तोवर बंदुकाही वाढलेल्या असतात. काही बंदुकांना स्टॉक, म्हणजे खांद्याला टेकवायचा दस्ता, लावला की त्या दोन स्लॉट खातात! म्हणजे अपग्रेडसुद्धा फुकट नाही, नेम सुधारला पण जागा गेली. हे ज्याने डिझाइन केलं तो माणूस फार पोचलेला असणार.

आता गोळ्यांचा हिशोब. समजा एका कॉरिडॉरमध्ये तीन झॉम्बी आहेत आणि तुम्ही ज्याला घेऊन खेळताय त्या लिऑनच्या पिस्तुलात १२ गोळ्या. झॉम्बी डोक्यात किती गोळ्या खाऊन पडेल याचा भरवसा नाही, कधी तीन-चारात आडवा होतो तर कधी सात-आठ खाऊनही चालत येतो, आणि पडला तरी मेलाच असं नाही, तुम्ही पाठ फिरवल्यावर उठतो. म्हणजे तिघांना मारायचं म्हटलं तर १२ गोळ्यांत काम होईलच असं नाही. दुसरा पर्याय, पायावर गोळ्या घालून त्यांना सरपटायला लावायचं आणि बाजूने निघून जायचं. तिसरा, एकही गोळी न घालता वळसा घेऊन पळायचं, यात एखादा चावा बसू शकतो, मग पाला खर्च. (चाकू असेल तर झॉम्बीने पकडल्यावर तो खुपसून सुटता येतं आणि नंतर त्याला पाडून चाकू परत काढता येतो, पण चाकू वापरून वापरून तुटतो, तेव्हा तोही एक प्रकारची गोळीच समजा.)

यातलं बरोबर उत्तर कुठलं हे त्या कॉरिडॉरवरून ठरत नाही, तुम्ही तिथून अजून किती वेळा जाणार त्यावरून ठरतं. पोलीस स्टेशन बंदिस्त जागा आहे, त्याच जिन्यावरून, त्याच खोल्यांतून पुन्हा पुन्हा जावं लागतं. मेन हॉलजवळचा रस्ता असेल तर आत्ता ८-१० गोळ्या घालून साफ केलेला परवडतो, कारण पुढच्या सहा फेऱ्या सुखाच्या. एकदाच जायच्या खोलीत तेवढ्याच गोळ्या घालणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी. खिडक्यांचंही तसंच, लाकडी फळ्या ठोकल्या की बाहेरचे झॉम्बी आत येत नाहीत, म्हणजे नंतरच्या गोळ्या वाचतात, पण ती फळी आणायला आत्ता एक स्लॉट द्यावा लागतो. लिकर नावाचा राक्षस आंधळा असतो, आवाजावर येतो, त्याच्याजवळून हळू चालत गेलं तर शून्य गोळ्यांत काम. आणि मिस्टर एक्स हा धिप्पाड पाठलाग करणारा मागे लागला की त्याच्यावर गोळ्या घालायचा मोह आवरा, तो थोडा वेळ गुडघ्यावर बसतो, मरत नाही, तुमचा साठा मात्र मरतो.

हे सगळं पहिल्या वेळी खेळताना तुम्हाला माहीत नसतं, आणि म्हणूनच ते चालतं. स्टँडर्ड या मधल्या पातळीवर सावकाश कोपरे शोधत गेलात तर गोळ्या तशा पुरेशा मिळतात, बरेच जण शेवटी पोचतात तेव्हा बॉक्समध्ये ढीग पडलेला असतो. टंचाई गोळ्यांची कमी आणि माहितीची जास्त असते. पुढच्या दाराआड किती गोळ्या आहेत हे कळत नाही तोवर हातातली प्रत्येक गोळी महाग वाटते. एकदा गेम संपवून दुसऱ्यांदा लिऑनच घेऊन खेळायला बसलात की ही भीती बरीच उतरते, तेही लक्षात ठेवा.

आता चार. इथे ब्रीफकेस आहे, चौकोनांची जाळी, प्रत्येक वस्तू आपल्या आकाराइतके चौकोन घेते. ही कल्पना २००५ च्या मूळ गेमची. त्यात सुरुवातीची केस ६ बाय १० म्हणजे ६० चौकोनांची, सगळ्यात मोठी ८ बाय १५ म्हणजे १२०, आणि बोल्ट ॲक्शन रायफल एकटीच ९ चौकोन लांब, म्हणजे पहिल्या केसमध्ये जवळजवळ अख्खी आडवी ओळ तिचीच. रीमेकमध्ये मापं थोडी वेगळी आहेत पण खेळ तोच. ग्रेनेड फिरवून ठेवा, अंडं कोपऱ्यात सारा, रायफल आडवी करा. खरं सांगायचं तर यात भीती फार नाही, मजा आहे, लोक अर्धा अर्धा तास केस लावत बसतात.

भीती का नाही? कारण चाव्या आणि खजिना केसमध्ये जागाच घेत नाहीत. दोनमधलं चावी विरुद्ध गोळी हे भांडण इथे मिटवून टाकलंय. इथे भांडण बंदूक विरुद्ध बंदूक असं आहे, शॉटगन आणि रायफल दोन्ही बाळगू की एक विकून ग्रेनेडला जागा करू, आणि हा निर्णय तुम्ही गेममधल्या दुकानदारासमोर शांतपणे घेता.

मग टंचाई कुठे? लढाईच्या आत. गावातला पहिला मोठा हल्ला घ्या. चारही बाजूंनी गावकरी येतात, त्यात एक करवतवाला, आणि पिस्तुलातल्या गोळ्या सगळ्यांना पुरणारच नाहीत. कोणी सांगत नाही, पण सगळ्यांना मारायची गरजही नसते, ठरावीक वेळ टिकलात किंवा पुरेसे मारलेत की चर्चची घंटा वाजते आणि सगळे निघून जातात. तोवर एक गोळी तोंडावर किंवा गुडघ्यावर घालून समोरचा डगमगला की धावत जाऊन लाथ मारायची, लाथेने शेजारचे दोघेतिघेही पडतात. म्हणजे एका गोळीत तिघांचं काम. पण त्यासाठी गर्दीत घुसावं लागतं. दोनमध्ये गोळी वाचवायची तर लांब राहा, चारमध्ये गोळी वाचवायची तर जवळ जा. माझ्या मते दोन्ही गेममधला सगळ्यात मोठा फरक हाच.

शिवाय चारमध्ये पडलेले शत्रू गोळ्या, पैसे, गनपावडर टाकतात, त्यामुळे मारणं म्हणजे नुसता खर्च नाही, कमाईपण आहे. दोनमध्ये मेलेला झॉम्बी काहीच देत नाही. चारचा दुकानदार तयार गोळ्या विकत नाही, त्यामुळे पैसे कितीही असले तरी मधल्या लढाईत कोरडं पडायची शक्यता राहते, आणि मग हातात उरतो चाकू, तोही झिजतो, करवत अडवायला वापरलात तर आणखी पटकन. पण हे कोरडं पडणं थोड्या वेळाचं. लढाई संपली, पेट्या फोडल्या, परत भरलात.

बिघडतं कुठे तेही सांगतो. दोनच्या हार्डकोर या कठीण पातळीवर टाइपरायटरवर सेव्ह करायला इंक रिबन लागते, तीही मोजकी आणि तीही स्लॉट खाते. बॉसच्या अगदी आधी चार गोळ्या आणि अर्धमेल्या अवस्थेत सेव्ह करून बसलात तर तो सेव्ह कामातून गेला, मागचा असेल तर तिथून. ओळखायची खूण सोपी आहे, टाइपरायटरच्या खोलीत अचानक बरंच सामान मांडून ठेवलेलं दिसलं की पुढे काहीतरी मोठं आहे, तेव्हा बॉक्समधून शॉटगन काढा. चारमध्ये उलटा त्रास, जपून ठेवण्याच्या नादात लोक ग्रेनेड आणि मॅग्नमच्या गोळ्या शेवटपर्यंत वापरतच नाहीत, केस भरलेली आणि लढाया उगाच कठीण.

कोणी तुम्हाला सरळ रेसिडेंट ईव्हिल झीरोपासून सुरुवात कर म्हणालं तर ऐकू नका. २००२ च्या त्या गेममध्ये बॉक्सच नाही, सामान जमिनीवर टाकून जायचं आणि लागलं की परत यायचं, त्यात वर चढायला लागणारा हुकशॉट एकटाच दोन स्लॉट घेतो. ताण यायच्याऐवजी वैताग येतो, कारण चुकीच्या निर्णयाची शिक्षा धोका नसून नुसती पायपीट असते. त्याच वर्षीचा पहिल्या भागाचा रीमेक मात्र जबरदस्त आहे, तिथे मारलेला झॉम्बी जाळला नाही किंवा त्याचं डोकं उडालं नाही तर नंतर क्रिमसन हेड नावाचा जास्त चपळ झॉम्बी होऊन धावत येतो, आणि जाळायला लागणारं रॉकेल पुन्हा एका स्लॉटमध्ये! जिलला घेऊन खेळलात तर ८ स्लॉट, क्रिसला घेतलंत तर फक्त ६. पण तो दोन आवडल्यावर घ्या.

तर, नकाशा डोक्यात ठेवून, कुठे गोळी घालायची आणि कुठे पळायचं हे ठरवत खेळायला आवडत असेल, आणि हळू गतीचा कंटाळा येत नसेल, तर दोन घ्या. बॅग भरली की वैतागणारे, परत परत त्याच खोलीत जायला नको म्हणणारे असाल तर चार घ्या, त्यात हॉरर कमी आणि दणादण जास्त आहे पण श्वास तोही अडकवतो. दोन्ही घेणारच असाल तर आधी दोन, कारण चारच्या मोकळ्या हाताची सवय लागल्यावर ८ स्लॉट फार टोचतात. आणि दोनमध्ये असिस्टेड मोड निवडू नका, त्यात तब्येत थोडीफार आपोआप भरते, नेमही गेम लावून देतो, मग पाला आणि गोळी दोन्ही स्वस्त होतात. पहिल्याच वेळी स्टँडर्ड घ्या, हार्डकोर नंतर.