खाज, घेरी की अ‍ॅनाफिलॅक्सिस? सीटीच्या टेबलावर फरक कसा ओळखायचा

कॉन्ट्रास्ट गेल्यावर पेशंट काही ना काही बोलतोच. "अंगात गरम गरम वाटतंय", "तोंडात कसंतरीच लागतंय", "लघवी झाली की काय असं वाटलं". हा औषधाचा साधा परिणाम आहे, अ‍ॅलर्जी नव्हे. मिनिटभरात ते ओसरतं, एखादी उलटी झाली तरी. आधी कल्पना दिलेली असली तर पेशंट घाबरतही नाही. आपल्याला निर्णय घ्यावा लागतो तो पुढच्या दोन जोड्यांमध्ये, कारण त्या वरवर सारख्याच दिसतात.

पहिली जोडी म्हणजे नुसती गांधी आणि पसरत जाणारी गांधी. मानेवर, हातावर चार-पाच गांधी उठल्या, खाज आहे, पण आवाज नेहमीसारखा आहे, श्वास मोकळा आहे, बीपी आणि सॅच्युरेशन ठीक आहे: ही सौम्य रिअ‍ॅक्शन. डॉक्टरांना कळवा, कॅन्युला काढू नका आणि पेशंट नजरेसमोर ठेवा. बऱ्याचदा औषध न देताही ती बसते. गांधी अंगभर पसरल्या, चेहरा किंवा ओठ सुजले, घसा आवळल्यासारखा वाटू लागला, तर ती मध्यम पायरी आणि डॉक्टर आता खोलीतच हवेत. श्वासाला शीळ लागली, धाप लागली, सॅच्युरेशन उतरलं किंवा बीपी पडलं, की ती गंभीर.

मी पेशंटला "खाज येतेय का?" एवढंच विचारून थांबत नाही, त्याच्याशी बोलत राहतो. मघाशी खणखणीत बोलणारा माणूस घोगरा बोलू लागला, वारंवार घसा खाकरू लागला किंवा एका दमात वाक्य पुरं करेनासा झाला, तर मॉनिटरवरचा आकडा हलायच्या आधीच ते कळतं. आणि पांघरूण उचलून पोट आणि मांड्या बघायलाच हव्यात. गांधी तिथे असतात आणि आपण चेहरा पाहत बसतो.

दुसरी जोडी जास्त फसवी आहे. पेशंटला घेरी आली, दरदरून घाम फुटला, बीपी पडलं. ही सुईच्या भीतीने आलेली व्हॅसोव्हेगल घेरी आहे की अ‍ॅनाफिलॅक्सिस?

| | व्हॅसोव्हेगल | अ‍ॅनाफिलॅक्सिस |
|---|---|---|
| नाडी | मंद, बहुधा ६० च्या खाली | जलद, बहुधा १०० च्या वर |
| त्वचा | फिकट, थंड, ओलसर | लाल, गांधी, सूज (कधी काहीच नाही) |
| श्वास | मोकळा | शीळ, घोगरेपणा, धाप असू शकते |
| पहिला उपाय | पाय वर, सलाईन, ऑक्सिजन. नाडी मंदच राहिली तर अ‍ॅट्रोपिन | मांडीत अ‍ॅड्रेनलिन. सोबत पाय वर, ऑक्सिजन, सलाईन |

म्हणून घेरी आली की एक हात मनगटावर गेला पाहिजे. बीपीचा पट्टा फुगून आकडा येईपर्यंत नाडी अर्धं उत्तर देऊन मोकळी होते. अर्धंच म्हणतोय, कारण हा नियम एका जागी हमखास फसतो.

समजा, ५५ वर्षांचे गृहस्थ, पोटाचा सीटी, ९० मिलिलिटर कॉन्ट्रास्ट. स्कॅन संपला आणि चौथ्या मिनिटाला ते म्हणाले, "डोळ्यांपुढे अंधारी येतेय." नाडी ७२, बीपी ७८/५०. नाडी मंद नाही, जलदही नाही. घाबरले असतील म्हणून पाय वर करून थांबायचा मोह इथेच होतो. फॉर्म पाहिला तर बीपीसाठी अ‍ॅटेनोलॉल चालू आहे. बीटा ब्लॉकर घेणाऱ्याची नाडी धावायला हवी तेव्हाही धावत नाही, म्हणजे ७२ हा आकडा इथे दिलासा देत नाही. पांघरूण उचललं तर पोट लालभडक, श्वासाला बारीक शीळ, सॅच्युरेशन ९०. त्वचा, श्वास आणि बीपी अशा तीन ठिकाणी एकाच वेळी बिघाड आहे. हे अ‍ॅनाफिलॅक्सिस.

आता क्रम. इंजेक्शन चालू असतं तर तेच आधी थांबवायचं होतं. टेबल गॅन्ट्रीतून बाहेर, हाक मारून डॉक्टर आणि क्रॅश ट्रॉली, पेशंट आडवा आणि पाय उंच. धाप फार असेल तर पाठ टेकवून बसू द्या, पण घेरी येणाऱ्याला एकदम उठवून उभं करू नका. मास्कने १० लिटर ऑक्सिजन. १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्राम अशी अ‍ॅड्रेनलिनची अ‍ॅम्पूल फोडायची आणि त्यातलं ०.५ मिलिलिटर मांडीच्या मधल्या भागात, बाहेरच्या बाजूला, स्नायूत. मोठ्या माणसासाठी ०.३ ते ०.५ मिलिग्राम चालतं. मुलांना किलोमागे ०.०१ मिलिग्राम, म्हणजे २० किलोच्या मुलाला ०.२ मिलिलिटर. सलाईन वेगाने सुरू. पाच मिनिटांत बीपी वर आलं नाही, तर दुसरा डोस. बीटा ब्लॉकरवरच्या पेशंटला अ‍ॅड्रेनलिन कमी लागू पडू शकतं, त्यामुळे ती गोळी चालू असल्याचं डॉक्टरांना मोठ्याने सांगा. अशा वेळी ते ग्लुकॅगॉनचा विचार करतात.

सुई टोचायचा हक्क कुणाचा, हे तुमच्या विभागाच्या लेखी प्रोटोकॉलवर ठरतं. पण भरलेली, नाव लिहिलेली सिरिंज डॉक्टरांच्या हातात पहिल्या मिनिटाला देणं तुमच्या हातात आहे. त्यासाठी इन्सुलिनची सिरिंज वापरू नका. तिची सुई स्नायूपर्यंत पोचत नाही आणि खुणा युनिटमध्ये असतात. साधी १ मिलिलिटरची सिरिंज आणि इंचभर लांब सुई ट्रॉलीत अ‍ॅड्रेनलिनच्या शेजारीच ठेवा. दुसरा धोका याहून मोठा. घाईत तीच अ‍ॅम्पूल पातळ न करता कॅन्युलातून शिरेत गेली, तर हृदयाचे ठोके जीवघेणे बिघडू शकतात. म्हणून सिरिंजवर औषधाच्या नावासोबत "स्नायूत" एवढं लिहायला विसरू नका.

आता एव्हिल–हायड्रोकॉर्ट की अ‍ॅड्रेनलिन, हा वाद. आपल्याकडे रिअ‍ॅक्शन म्हटली की हात आधी एव्हिलकडे जातो, आणि मला याचीच सर्वांत जास्त काळजी वाटते. एव्हिल खाज आणि गांधी कमी करतं. सुजलेला घसा ते उघडत नाही, पडलेलं बीपी उचलत नाही. हायड्रोकॉर्टला परिणाम दाखवायला काही तास लागतात. सौम्य खाजेला एव्हिल योग्यच आहे. मात्र श्वास किंवा बीपी बिघडलं असेल, तर ही दोन्ही औषधं अ‍ॅड्रेनलिननंतर. "आधी एव्हिल देऊन बघू" यात जी दहा मिनिटं जातात, ती पेशंटकडे नसतात.

एमआरआयमध्ये गॅडोलिनियममुळे अशा रिअ‍ॅक्शन कमी होतात, पण ओळख आणि औषधं तीच. फरक जागेचा. सीटीत ट्रॉली पेशंटकडे येते, एमआरआयत पेशंटला ट्रॉलीकडे न्यावं लागतं. लोखंडी सिलिंडर घेऊन मदतीला कुणी आत धावलं तर दुसराच अपघात होईल. पेशंट बाहेर काढा आणि दार बंद करा.

बहुतेक गंभीर रिअ‍ॅक्शन पहिल्या अर्ध्या तासातच दिसतात, म्हणून साध्या पेशंटचीही कॅन्युला तोवर राहू द्या. ज्याला अ‍ॅड्रेनलिन द्यावं लागलं, त्याला बरं वाटलं तरी घरी पाठवायचं नाही. काही तासांनी त्रास उलटू शकतो, त्याला वॉर्डात देखरेखीखाली ठेवावं लागतं. आणि रेकॉर्डवर "आयोडीन अ‍ॅलर्जी" लिहू नका. त्या शब्दाने पुढच्याला काहीच कळत नाही. कॉन्ट्रास्टचं नेमकं नाव, किती मिलिलिटर गेलं, कितव्या मिनिटाला काय दिसलं, कोणतं औषध किती वेळा दिलं, हे लिहा. पुढच्या स्कॅनला कॉन्ट्रास्ट बदलायचं की नाही, हे डॉक्टर त्यावरूनच ठरवतील.