सोपं झालंय का, हे कुणाला विचारायचं: गुणांकाला की वाचकाला?

तांत्रिक विषय सामान्य वाचकासाठी लिहिला, की तो खरंच सोपा झालाय का, हे तपासण्याचे दोन मार्ग समोर येतात. एक म्हणजे वाचनसुलभतेचा गुणांक काढायचा. दुसरा म्हणजे विषय अजिबात माहीत नसलेल्या माणसाला मजकूर वाचायला द्यायचा आणि मग तो बाजूला ठेवून ‘आता मला सांगा’ म्हणायचं. मी दोन्ही वापरले आहेत. दोन्हींचा उपयोग आहे, पण माझा कल एकीकडे झुकलेला आहे आणि तो का, तेच सांगतो.

गुणांकाची मोठी सोय म्हणजे वेग. मजकूर टाकला की आकडा हातात. सर्वांत परिचित सूत्र फ्लेश-किंकेडचं, १९७५ साली अमेरिकन नौदलासाठी बेतलेलं. ते दोनच गोष्टी मोजतं: एका वाक्यात सरासरी किती शब्द आणि एका शब्दात सरासरी किती उच्चारखंड. पहिल्या संख्येला ०.३९ ने गुणायचं, दुसरीला ११.८ ने, बेरजेतून १५.५९ वजा करायचे. उरेल ती इयत्ता.

आता यात काय होतं ते पाहा. वाक्यात सरासरी २० शब्द आणि शब्दात दीड उच्चारखंड असतील, तर इयत्ता येते साधारण दहावी. तीच वाक्यं मधोमध तोडून १० शब्दांची केली, की सहावी. एकही अवघड शब्द बदललेला नाही, एकही संकल्पना उलगडलेली नाही, तरी मजकूर चार इयत्ता खाली आला.

मराठीत तर अडचण याहून आधी सुरू होते. ‘मुलीने आईला पाणी दिले’ हे वाक्य घ्या. चार शब्द, दहा उच्चारखंड, म्हणजे शब्दामागे अडीच. सूत्रात घातलं तर उत्तर येतं १५.४७. पहिलीतल्या मुलाला कळणारं वाक्य पदवीच्या पातळीवर जाऊन बसतं. दोष वाक्याचा नाही. हे सूत्र इंग्रजीसाठी बसवलेलं आहे, आणि आपले प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे शब्द लांबतात. म्हणून मराठीत लिहिणाऱ्याला या सूत्रातला वाक्याच्या लांबीचा भाग तेवढा कामाचा, असं माझं मत आहे. तो मात्र खरोखर कामाचा आहे. चाळीस शब्दांचं वाक्य आपल्याच डोळ्यांना दिसत नाही, मोजणीला दिसतं.

तरीही मी गुणांकावरचा भरवसा काढून घेतला तो भाषेमुळे नाही. विजेच्या सुरक्षिततेवरच्या एका माहितीपत्रकाच्या कामात अट होती, की वाक्यात दहापेक्षा जास्त शब्द नकोत. अर्थिंग समजावणारं मूळ वाक्य असं होतं: ‘बिघाडामुळे यंत्राच्या धातूच्या आवरणात वीज उतरली, तर ती अर्थिंगच्या तारेतून एकदम जोराने वाहते, त्यामुळे फ्यूज वितळतो आणि पुरवठा तुटतो.’ एकोणीस शब्द. अटीत बसवल्यावर झालं: ‘कधी कधी बिघाड होतो. आवरणात वीज उतरते. अर्थिंगची तार ती वीज वाहून नेते. फ्यूज वितळतो. पुरवठा तुटतो.’

कागदावर निर्दोष. पण ज्यांना वाचायला दिलं, त्यांच्यातल्या एका गृहस्थांनी परत सांगितलं ते असं: अर्थिंगची तार वीज जमिनीत सोडून देते, त्यामुळे यंत्र वापरत राहिलं तरी चालतं, आणि फ्यूज वितळणं ही दुसरीच कटकट आहे, वरचेवर होत असेल तर जाड तार घालावी. मजकुरातला प्रत्येक शब्द त्यांना कळला होता. निष्कर्ष मात्र जिवावर बेतणारा होता. जाड तार घातली, तर बिघाडाच्या वेळी फ्यूज वितळणारच नाही.

हरवलं काय होतं? ‘तर’ आणि ‘त्यामुळे’. वाक्यं तोडताना सर्वांत आधी हेच शब्द गळतात, कारण तेच दोन वाक्यांना बांधून ठेवतात. तांत्रिक विषयात कार्यकारण हाच तर मुख्य ऐवज असतो. सूत्राला त्यांचं जाणं ही सुधारणा वाटते, आणि ही एक गोष्ट मला शेवटपर्यंत पटली नाही.

शब्द छोटे आणि वाक्य छोटं असूनही अर्थ निसटतो, याचं प्रसिद्ध उदाहरण हवामानाच्या अंदाजाचं आहे. ‘उद्या पावसाची शक्यता ३० टक्के’ याचा अर्थ लोक काय लावतात, हे मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेंझर आणि सहकाऱ्यांनी पाच शहरांत विचारलं. २००५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. न्यूयॉर्कमध्ये बहुतेकांनी योग्य अर्थ सांगितला, पण युरोपातल्या शहरांत अनेकांना वाटलं, की उद्या ३० टक्के वेळ किंवा ३० टक्के भागात पाऊस पडेल. टक्के कशाचे, हे वाक्यात नाहीच. ‘उद्यासारख्या दहा दिवसांपैकी साधारण तीन दिवशी पाऊस पडतो’ हे लांब आहे, पण त्यात ते आहे.

परत सांगायला लावण्याची पद्धत मात्र नीट केली पाहिजे. ‘समजलं का?’ विचारलं, तर माणूस भिडेखातर हो म्हणतो. ‘शेजाऱ्यांना कसं सांगाल?’ असं विचारावं. काही जण मजकुरातलीच वाक्यं जशीच्या तशी म्हणून दाखवतात, त्यातून काहीच कळत नाही. तेव्हा मजकुरात नसलेला प्रसंग पुढे करावा: ‘अर्थिंगची तार तुटलेली असेल आणि आवरणात वीज उतरली, तर काय होईल?’ ज्याला दुवा सापडलाय, तो म्हणतो, ‘फ्यूज जाणार नाही, आणि हात लावेल त्याला झटका बसेल.’ त्या वेळी मध्ये बोलून मदत करायची नाही, हे सर्वांत जड जातं. आणि माणूस अडखळतो तिथे दुरुस्ती मजकुरात करायची, तोंडी नाही.

याच्या मर्यादाही आहेत. वेळ लागतो. एकदा वाचलेला माणूस पुन्हा कोरा राहत नाही, दुरुस्त मजकुराला नवा वाचक शोधावा लागतो. दोघातिघांवरून किती टक्के लोकांना कळेल, हे सांगता येत नाही. शेकडो पानं तपासायची असतील, तर गुणांकाशिवाय पर्याय नाही, हेही मान्य.

त्या पत्रकातला मजकूर शेवटी असा ठरला: ‘यंत्रात बिघाड झाला, तर त्याच्या धातूच्या आवरणात वीज उतरू शकते. अशा आवरणाला हात लावला, तर झटका बसतो. अर्थिंगची तार या विजेला सोपी वाट देते, म्हणून वीज तिथून एकदम जोराने वाहते. त्या जोरामुळेच फ्यूज वितळतो आणि पुरवठा बंद पडतो. फ्यूज गेला, तर आधी बिघाड शोधा. जाड तार घालू नका.’ एक वाक्य दहा शब्दांच्या वर गेलं आणि ते तसंच राहावं, असा आग्रह मी धरला. नव्या वाचकांपैकी जाड तारेचा विषय कुणी काढला नाही.

तुमच्याकडे इंग्रजी मजकुराचा ढीग असेल, तर गुणांकाने सुरुवात करा आणि वाईट आकड्याची पानं बाजूला काढा. पान एकच असेल, मराठीत असेल, आणि ते चुकीचं समजल्याने कुणाला इजा होऊ शकत असेल, तर मी तरी आधी वाचक शोधेन.