जर्मन की जपानी? पुण्यात नोकरी सांभाळून भाषा शिकणाऱ्यांसाठी

पुण्यात आयटीत किंवा चाकणच्या एखाद्या कंपनीत नोकरी करत असाल आणि परदेशी भाषा शिकायचं मनात असेल, तर विचार बहुतेक वेळा जर्मन आणि जपानी या दोघींपाशी येऊन अडतो. मी दोन्ही शिकलो. जर्मन कॉलेजात असताना रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, जपानी नोकरी लागल्यावर. आज माझं काम जपानीवर चालतं, त्यामुळे माझा कल कुठे आहे ते गृहीत धरूनच वाचा.

शिकण्याच्या सोपेपणावर निर्णय घेऊ नये असं मला वाटतं. जपानी वाक्यात क्रियापद शेवटी येतं आणि विभक्तीप्रत्ययासारखे शब्द नामामागे लागतात, म्हणून मराठी माणूस बोलायला लवकर लागतो. पण जपानीच्या परीक्षेतल्या एन-२ या पातळीपर्यंत जायचं तर हजारेक कांजी, म्हणजे चित्रलिपीतली अक्षरं, ओळखता यावी लागतात, आणि ती रोज बसल्याशिवाय डोक्यात राहत नाहीत. जर्मनची लिपी ओळखीची, पण तिची तीन लिंगं आपल्या तीन लिंगांशी जुळत नाहीत.

परीक्षेच्या बाबतीत जर्मनचं पारडं सरळ जड आहे. मॅक्स म्युलर भवनच्या बी-१ आणि बी-२ परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन, संभाषण असे चार भाग असतात. त्यातला एक राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो. जपानीची जेएलपीटी आपल्याकडे वर्षातून दोनदाच, जुलै आणि डिसेंबरात. एन-२ ला १८० पैकी ९० गुण लागतात, शिवाय तिन्ही विभागांत ६० पैकी किमान १९. समजा भाषाज्ञानात ४५, वाचनात ४० आणि श्रवणात १८ पडले. बेरीज १०३ झाली, तरी निकाल नापास. मग पुढच्या सत्राला तिन्ही विभाग पहिल्यापासून.

एवढं असूनही मी जपानीकडे वळलो, ते एका गोष्टीच्या वैतागामुळे. पहिल्या नोकरीत माझा प्रोजेक्ट जर्मन क्लायंटचा होता. मी कॉलवर जर्मनमध्ये वाक्य सुरू करायचो, एखाद्या शब्दाला अडखळायचो, आणि पलीकडचा माणूस लगेच चांगल्या इंग्रजीत उत्तर द्यायचा. त्याचा हेतू मदतीचाच असे. पण प्रत्येक मीटिंग अशीच व्हायची. कागदपत्रं इंग्रजीत, ईमेल इंग्रजीत. माझ्या जर्मनची कुणाला गरजच नव्हती, आणि वापर नाही म्हटल्यावर ती वाढेना. सगळीकडे असंच असेल असं नाही. यंत्रं बनवणाऱ्या लहान जर्मन कंपन्यांत चित्र वेगळं असू शकतं. आयटीत मात्र मला हेच दिसलं.

जपानी टीममध्ये याच्या उलट घडलं. तिथे स्पेसिफिकेशनच जपानीत, एक्सेलच्या शीटवर येतं. टेस्टिंगमध्ये निसटलेला एखादा दोष क्लायंटला सापडला, की दोन वेगळी कारणं लिहून द्यावी लागतात: दोष मुळात निर्माण का झाला, आणि आपल्या तपासणीतून बाहेर कसा गेला. त्याखाली पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार ते. पुण्यातल्या डेव्हलपरने पहिलंच कारण दोन्ही रकान्यांत लिहिलं, तर शीट परत येते. हा फरक डेव्हलपरला मराठीत समजावायचा आणि उत्तर क्लायंटला पटेल अशा जपानीत मांडायचं, हे ब्रिज इंजिनिअरचं काम. इथे अडखळलो तरी समोरचा थांबतो, कारण त्याच्याकडेही दुसरी भाषा नसते. माझी जपानी वर्गापेक्षा या शीटवर जास्त सुधारली.

वेळेचंही सांगतो. टोकियोत सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे साडेपाच. जर्मनीत नऊ वाजतात तेव्हा इथे उन्हाळ्यात साडेबारा, हिवाळ्यात दीड. लवकर उठणं जमत नसेल तर याचा विचार आधीच करा.

कुटुंबासह परदेशी स्थायिक व्हायचंच ठरलं असेल, तर मी जर्मन सुचवेन. ब्लू कार्ड या नोकरीच्या परवान्यावर जर्मनीत गेलेल्याला बी-१ असेल तर २१ महिन्यांत कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. ए-१ असेल तर २७ महिने. भाषेचा इतका रोख उपयोग दुसरीकडे क्वचितच दिसतो.

पण पुण्यात राहून भाषेवरच काम मिळवायचं आणि जमलं तर तिकडे जायचं असेल, तर मी जपानी घेईन. एन-२ पर्यंत जायची तयारी मात्र हवी. एन-३ वर मीटिंग थोडीफार कळते, पण ती शीट एकट्याने लिहिता येत नाही, आणि कंपनी जास्तीचे पैसे देते ते त्या शीटचेच. शिवाय जेएलपीटीत बोलणं तपासतच नाहीत, मुलाखत मात्र जपानीत होते. म्हणून क्लास निवडताना एन-२ च्या बॅचमध्ये बोलायला किती वेळ देतात, ते आधी विचारून घ्या.