सात महिन्यांनंतर ४३ इंची टीव्ही: चित्र छान, पण पांढरं पांढरं दिसायला मेन्यूत शिरावंच लागतं

आवाज, रिमोट, पॅनेलची माहिती सगळ्यांना ठाऊक आहे, ती परत सांगत नाही. लिहायचं कारण वेगळंच. गेल्या आठवड्यात अपडेट आलं, चित्राची सगळी सेटिंग पुसली गेली आणि टीव्ही परत निळा झाला. कसोटी सामन्यातले कपडे म्हणजे नीळ जास्त झालेलं धोतर!

ही उपमा उगाच दिलेली नाही. सुती कपडा धुऊन धुऊन पिवळट पडतो, नीळ घातली की डोळ्याला शुभ्र वाटतो. टीव्हीवाले तेच करतात. दुकानात ओळीने टीव्ही लागलेले असले की निळसर चित्र जास्त उजळ वाटतं, म्हणून Standard आणि Vivid मोडमध्ये कलर टेंपरेचर Cool ठेवून देतात. चित्रपट-मालिका मात्र ६५०० केल्विनचं पांढरं धरून तयार होतात. Cool बऱ्याचदा ९००० च्याही पुढे जातं. केल्विन वाढला की रंग निळ्याकडे जातो, इथेच पुष्कळांची गल्लत होते.

सुरुवातीला Warm 1 हा बरा मध्यममार्ग वाटला होता. ते मत आता बदललंय. Warm 1 वरही पांढऱ्या टोपीला निळी झाक राहते. Warm 2 लावलं की घरातले पहिल्या दिवशी म्हणणारच, ‘हाई पिवयं दिसस ना भो.’ तीन-चार दिवस हात लावू नका. डोळा सरावला की जुनं Cool परत लावून बघा, सगळं निळं वाटेल. निळा कमी झाल्याने चित्र थोडं मंद वाटतं. त्यासाठी बॅकलाइट चार-पाच अंक वाढवा. कॉन्ट्रास्ट वाढवलात तर पांढऱ्या सदऱ्याच्या चुण्या जळून जातात.

क्रम असा: आधी Movie किंवा Cinema मोड, मग Warm 2. खोलीच्या उजेडाप्रमाणे रंग आपोआप बदलणारं सेटिंग असेल तर ते बंद. एवढ्यावरही पांढऱ्यात निळं उरलं तरच व्हाइट बॅलन्समध्ये जा. तिथे प्रत्येक रंगाला Gain आणि Offset असे दोन आकडे असतात. Gain उजळ भागासाठी, Offset गडद भागासाठी. या टीव्हीवर B-Gain शून्यावरून उणे ४ वर नेला आणि काम झालं. तुमच्याकडे आकडा वेगळा येईल, अगदी त्याच मॉडेलचा दुसरा नग असला तरी. निळा उतरवा, लाल चढवू नका. लाल चढवला की उजळ भागात लाल आधी संपतो आणि चेहऱ्याचे बारकावे जातात.

तपासायला जुना कृष्णधवल चित्रपट लावा. त्यात रंग नसतोच, म्हणून जी झाक दिसेल ती टीव्हीची. सदरा ठीक पण काळा कोट लालसर दिसत असेल तर R-Offset एकेक अंकाने कमी करा. सदराच गुलाबी दिसला तर हिरवा जास्त उतरलाय. शेजारी कोरा कागद धरून जुळवू नका. कागद पांढरा दिसावा म्हणून त्यात चमक आणणारं रसायन असतं, त्याने तो दिवसा स्वतःच निळसर दिसतो. मोबाइलचा फोटोही नको, तो आपल्या मर्जीने रंग बदलतो. रंग मोजणाऱ्या मीटरने अचूक जुळतं, पण या किमतीच्या टीव्हीसाठी मीटर घेणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

खोलीतला दिवाही बघा. उन्हाळ्यात भर दुपारी खिडक्या लावून, कूलर सुरू करून बसलं की उजेड ट्यूबलाइटचाच. पांढरी ट्यूब साधारण ६५०० ची असते, तिच्याशी Warm 2 जुळतं. २७०० च्या पिवळ्या बल्बखाली तेच चित्र निळं वाटतं. तो दोष बल्बचा, टीव्ही आणखी पिवळा करू नका.

आता खरा राग. हे सेटिंग प्रत्येक इनपुटला वेगळं. सेट-टॉप बॉक्सवर केलं, तर अ‍ॅपवर चित्र निळंच. एचडीआर व्हिडिओ लागला की तिसरंच. Apply to all inputs हा पर्याय मेन्यूच्या तळाशी आहे, पण तोही एचडीआरला लागू होत नाही. ते एचडीआर व्हिडिओ चालू असतानाच करावं लागतं. अपडेटनंतर आलेल्या सर्व्हिसवाल्याने तर Warm बघून ‘पॅनेल पिवळं पडलंय’ सांगितलं आणि Vivid लावून निघून गेला. पॅनेल खरंच पिवळं पडलं तर बहुतेक वेळा डाग पडतात किंवा एक कोपरा वेगळा दिसतो, सगळा पडदा एकसारखा उबदार सहसा दिसत नाही.

चित्राला चार तारे, मेन्यूला दीड. जुळवलेल्या आकड्यांच्या प्रत्येक पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. पुढच्या अपडेटनंतर लागणारच आहे.