प्लॅटफॉर्मची नोंद: हाताने टॅग की आपोआप रकाना?

साहेब, परवाचीच गोष्ट. होटगी रोडच्या ग्राहकाने चादरीचा रंग गेल्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. आपण तिसऱ्या दिवशी उत्तर लिहिलं, पण ते पोचलंच नाही. ग्राहकाच्या शेवटच्या मेसेजनंतर 24 तास उलटले की तिथे फक्त मंजूर टेम्प्लेट चालतो. ईमेलला असं बंधन नाही, पण आपल्या यादीत दोन्ही संभाषणं सारखीच दिसतात. म्हणून प्रत्येक संभाषण कुठून आलं याची नोंद हवी, आणि त्याचे दोन पर्याय आहेत.

पहिला, प्रत्येक संभाषणाला हाताने टॅग लावायचा: वेगळा खर्च नाही, उद्यापासून सुरू. पण दिवाळीच्या गर्दीत टॅगच आधी राहतो. शिवाय कुणी `WA` लिहितं, कुणी `Whatsapp`. फिल्टर कशावर लावायचा?

दुसरा पर्याय म्हणजे संभाषण येतानाच `platform` रकाना आपोआप भरणं. मेसेज कुठून आला हे सिस्टिमला कळतंच, आपण ते साठवत नाही इतकंच. त्यासाठी एका डेव्हलपरचा आठवडा मागतोय. जुन्या नोंदींत `unknown` राहील, फोनची नोंद हातानेच.

बचत? समजा महिन्याला 'उत्तर आलं नाही' अशा 40 तक्रारी येतात आणि निम्म्या या 24 तासांच्या मुदतीमुळे. मुदत संपत आलेली संभाषणं यादीत वर आणली, तर 20 पैकी 15 तरी टळाव्यात. गंमत म्हणजे खरा आकडा काढायलाही हाच रकाना लागतो. माझं मत दुसऱ्या पर्यायाला.