रेगेक्समधला बदल तपासायला लिंटर बरा की वाढीची चाचणी?

पुल रिक्वेस्टमध्ये रेगेक्सची एकच ओळ बदललेली असते. ती मंजूर करण्याआधी दोन गोष्टींची खात्री हवी: वाकडं इनपुट आल्यावर इंजिन बॅकट्रॅकिंगमध्ये अडकून बसणार नाही ना, आणि पॅटर्नचा अर्थ नकळत बदललेला नाही ना. पायथॉन, जावास्क्रिप्टसारख्या बॅकट्रॅकिंग इंजिनांवर हे तपासायचे दोन मार्ग प्रचलित आहेत. एक म्हणजे पॅटर्न नुसता वाचून निकाल देणारा लिंटर, उदाहरणार्थ `safe-regex`. दुसरा म्हणजे इनपुट वाढवत नेऊन वेळ किती पटीने वाढतो ते पाहणारी छोटी चाचणी, जी त्या बदलासोबतच रेपोत जाते.

एक खरोखरीचा वाटावा असा बदल घेऊ. टिंबांनी जोडलेली नावं ओळखणारा पॅटर्न आहे, आणि शेवटी एक टिंब आलं तरी चालावं अशी नवी मागणी आली आहे.

```
जुना:  ^\w+(\.\w+)*$
नवा:   ^(\w+\.?)*$
```

नवा पॅटर्न आटोपशीर दिसतो, म्हणून तो सहज मंजूर होतो. पण जुन्यात प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला टिंब सक्तीचं होतं, त्यामुळे फेरी कुठे सुरू झाली याबद्दल इंजिनला पर्यायच नव्हता. नव्यात टिंब ऐच्छिक झालं, आणि एका फेरीतला `\w+` पुढच्या फेरीतल्या `\w+` ला थेट भिडला. आता सलग अक्षरांचे तुकडे कुठेही पाडता येतात. १६ अक्षरांचे तुकडे पाडायच्या ३२,७६८ रीती आहेत, २२ अक्षरांच्या २०,९७,१५२. शेवटी `!` आलं आणि जुळणी फसली की इंजिन त्या सगळ्या रीती एकामागून एक करून पाहतं.

लिंटर इथे काय सांगतो? `safe-regex` मुख्यतः पुनरावृत्तीच्या आत पुनरावृत्ती आहे का एवढंच बघतो. ती जुन्यातही आहे आणि नव्यातही, त्यामुळे दोन्हींना एकच शेरा मिळतो: असुरक्षित. आणि माझ्या मते कौल इथेच लागतो. जुना पॅटर्न निर्धोक असल्यामुळे त्या ओळीवर कुणीतरी आधीच इशारा दाबणारी टिप्पणी टाकून ठेवलेली असते. ती योग्यही असते. मग ओळ बदलते, पण टिप्पणी तशीच राहते, आणि खरोखर घातक बदल हिरव्या टिकमार्कसह आत जातो. खोटा इशारा नुसता त्रासदायक नसतो. तो त्या जागेवरचा खरा इशाराही कायमचा बंद करून टाकतो. अशा टिप्पण्या साचत गेलेल्या कोडमध्ये लिंटरच्या हिरव्या निशाणावर विसंबणं मला तरी जमत नाही.

उलट बाजूही आहे. २० जुलै २०१६ ला स्टॅक ओव्हरफ्लो ३४ मिनिटं बंद पडलं. कारण होतं ओळीच्या कडेची रिकामी जागा छाटणारा पॅटर्न, ज्याचा नडलेला भाग साधारण `\s+$` असा होता. त्यात पुनरावृत्तीच्या आत पुनरावृत्ती कुठेच नाही. पण मजकुरात सुमारे २०,००० सलग रिकाम्या जागा होत्या आणि त्यांच्यापुढे दुसरं अक्षर होतं. इंजिन पहिल्या जागेपासून शेवटापर्यंत गेलं, फसलं, मग दुसऱ्या जागेपासून गेलं, पुन्हा फसलं. अशा जवळपास वीस कोटी तपासण्या झाल्या. नुसती पुनरावृत्तीच्या आतली पुनरावृत्ती पाहणारा लिंटर या पॅटर्नला निर्धोक ठरवतो.

वाढीच्या चाचणीत ही दोन्ही उदाहरणं पकडली जातात, कारण ती पॅटर्नच्या रूपाकडे न बघता वागण्याकडे बघते.

```python
import re, time

rx = re.compile(r"^(\w+\.?)*$")

def t(rx, s):
    a = time.perf_counter()
    rx.search(s)
    return time.perf_counter() - a

for n in (16, 18, 20, 22):
    s = "a" * n + "!"
    print(n, min(t(rx, s) for _ in range(3)))
```

वरच्या नव्या पॅटर्नवर प्रत्येक ओळीतला वेळ आधीच्या साधारण चौपट येतो, म्हणजे दर अक्षरामागे दुप्पट. `\s+$` साठी इनपुट `"x" + " " * n + "x"` असं घ्यायचं आणि `n` २,०००, ४,०००, ८,००० असा दुप्पट करत न्यायचा. वेळ दुप्पट झाला तर ठीक, चौपट झाला तर वाढ वर्गाच्या प्रमाणात आहे. टेस्टमध्ये मर्यादा पटीवर घालावी, सेकंदांवर नाही. बिल्ड सर्व्हर कधी रिकामा असतो, कधी भरलेला. फार लहान वेळांत गोंधळ जास्त असतो, म्हणून तीन मोजमापांतलं सर्वात कमी घेतलं आहे.

या चाचणीची उणीव मान्य करायला हवी: तुम्ही जे इनपुट द्याल तेवढंच ती तपासते. सर्वात जास्त फसवतं ते शेपटीचं अक्षर. लांबलचक पण वैध इनपुट दिलं तर जुळणी पहिल्याच प्रयत्नात होते आणि घातक पॅटर्नही वेगवान दिसतो. शेवटी जुळणी हमखास मोडेल असं अक्षर हवंच. फुगवायचा तुकडा शोधताना एकच प्रश्न विचारावा: तेच अक्षर गिळू शकणाऱ्या दोन पुनरावृत्ती एकमेकींना भिडतात का, आणि त्यांच्यामध्ये सक्तीचं काही आहे का? पॅटर्न मोठा असेल तर डोळ्यांनी हे सुटतंच असं नाही. तिथे `recheck` सारखं साधन कामाला येतं. ते नुसता शेरा देत नाही, तर हल्ल्याची स्ट्रिंगही काढून देतं. ती स्ट्रिंग उचलून आपल्या चाचणीत टाकावी.

अर्थ बदलला का, या प्रश्नावर वेगाचा लिंटर गप्पच असतो. त्यासाठी जुना आणि नवा पॅटर्न एकाच यादीवर चालवून फक्त निकाल वेगळे आलेल्या ओळी छापाव्यात. आपल्या उदाहरणात अशा दोन ओळी निघतात: `a.` आणि रिकामी स्ट्रिंग. पहिली मागितलेली होती. दुसरी कुणीच मागितलेली नव्हती. बाहेरच्या `*` मुळे ती आत आली. यादीत `a\n` ही ठेवावी, कारण पायथॉनमध्ये `$` शेवटच्या नव्या ओळीच्या आधीही जुळतो; तिथे `\Z` हवा. देवनागरी मजकूरही ठेवावा. पायथॉनचा `\w` मात्रांना अक्षर मानत नाही, त्यामुळे `मराठी` हा शब्द दोन्ही पॅटर्न नाकारतात, आणि `\d` मात्र `१२` स्वीकारतो. दोन्ही कसोट्यांवर टिकणारा बदल असा होतो:

```
^\w+(\.\w+)*\.?\Z
```

पॅटर्न वापरकर्त्याकडूनच येत असतील तर या दोन्ही मार्गांऐवजी `RE2` हे बॅकट्रॅकिंग न करणारं इंजिन घ्यावं. त्यात शोधाचा वेळ इनपुटच्या लांबीच्या प्रमाणातच वाढतो. बदल्यात मागेपुढे डोकावणं आणि मागच्या गटाचा संदर्भ सोडावा लागतो, आणि `\w` फक्त इंग्रजी अक्षरं, अंक व अंडरस्कोर यांपुरता उरतो, म्हणून इंजिन बदलतानाही ती फरकाची यादी चालवावीच लागते.

लिंटर आधीपासून लावलेला असेल तर काढायची गरज नाही. उघड चुका तो फुकटात पकडतो. मात्र त्याचा इशारा दाबायचा असेल तर टिप्पणीसोबत त्याच पॅटर्नची वाढीची चाचणी मागावी, आणि ती वेगळ्या प्रोसेसमध्ये वेळमर्यादा घालून चालवावी. पायथॉनमध्ये रेगेक्स चालू असताना त्याच प्रोसेसमधले बाकीचे थ्रेड थांबून राहतात, त्यामुळे थ्रेडवर लावलेला टायमर ऐन वेळी वाजतच नाही.